वडगावशेरीचा वन बीएचके आणि दहा लाखांचे रीट : हातात नक्की किती पडलं

मी 31 मार्च 2023 ला रिटायर झाले. खासगी कंपनी, अकाउंट्स डिपार्टमेंट, त्यामुळे पेन्शन म्हणून जे काय येतं ते नावापुरतंच. हातात पीएफ, ग्रॅच्युइटी आणि इतक्या वर्षांच्या एफडी, आणि या सगळ्यातून दर महिन्याला घरखर्चाला थोडं काहीतरी यायला हवं एवढीच गरज. आमच्याकडे अशा वेळी सगळे एकच सांगतात, फ्लॅट घे आणि भाड्याने दे. मी तो घेतला. नंतर उरलेल्या पैशांत रीट, म्हणजे मोठ्या इमारतींच्या भाड्यातला वाटा देणारे युनिट, पण घेतले. दोन्ही जवळपास बरोबरीने चालू असल्यामुळे तुलना कागदावर मांडता आली, आणि गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

आधी फ्लॅट. एप्रिल-मे 2023 मध्ये बघायला सुरुवात केली. आम्ही राहतो कर्वेनगरला, पण इकडचे भाव माझ्या आवाक्यातले नव्हते, शिवाय भाडेकरू पटकन मिळायचा तर खराडी, विमाननगर, येरवड्याच्या आयटी पार्कांजवळ असलेलं बरं असं ठरवून वडगावशेरीत साधारण वीस वर्षं जुन्या सोसायटीतला एक वन बीएचके नक्की केला. 48 लाख. एजंटने भाडं सांगितलं 17 हजार, म्हणजे वर्षाचे 2 लाख 4 हजार, म्हणजे सव्वाचार टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मालकांचं त्या फ्लॅटवर अजून सहा लाखांच्या आसपास होमलोन बाकी होतं. हे जुन्या फ्लॅटच्या बाबतीत नेहमीचंच आहे, घाबरायचं कारण नाही, पण क्रम पाळायचा. ओरिजिनल कागद बँकेकडे असतात. त्यामुळे आधी बँकेकडून लोन किती बाकी आहे त्याचं लेटर आणि त्यांच्याकडे कुठकुठले कागद आहेत त्याची लिस्ट मागवली, मग तेवढ्या रकमेचा डीडी थेट त्या बँकेच्या नावाने दिला, मालकांच्या हातात नाही. लोन बंद झाल्याचं पत्र आणि ओरिजिनल्स यायला तीन आठवडे गेले. तोपर्यंत वकिलांनी तीस वर्षांचा सर्च करून घेतला (फी 15 हजार), भोगवटा पत्र, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, लाइट बिल आणि प्रॉपर्टी टॅक्सची बाकी नसल्याची पावती हे सगळं गोळा केलं. किंमत 50 लाखांच्या आत होती, नाहीतर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून 26QB भरायचा असतो, ते एक काम वाचलं.

18 जुलैपासून अधिक महिना लागणार होता आणि मालकांना त्याच्या आत उरकायचं होतं, म्हणून 14 जुलैला रजिस्ट्रेशन ठरलं. पुणे महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी सात टक्के, पण खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, त्यामुळे मला सहा टक्के म्हणजे 2 लाख 88 हजार लागले. रजिस्ट्रेशन फी 30 हजार, ती एक टक्का असते पण 30 हजारांच्या वर जात नाही. दस्ताचा सगळा डेटा वकिलांच्या माणसाने आधीच ऑनलाइन भरून ठेवला होता, तरी टोकन घेऊन निम्मा दिवस बसावं लागलं. आणि हे वयस्कर लोकांनी मुद्दाम वाचा, माझा अंगठा मशीनवर उमटेचना. डावा, उजवा, परत डावा, मागे रांग वाढत चाललेली. शेवटी तिथल्या ऑपरेटर मुलीने ड्रॉवरमधून ओला रुमाल काढून दिला, बोटं ओली करून नीट पुसली आणि मग दाबून धरल्यावर एकदाचा उमटला. घरून निघताना हाताला थोडं क्रीम चोळून जा, बोटं कोरडी असली की असंच होतं म्हणाली. दोन साक्षीदार पण स्वतःचे न्या, ओरिजिनल ओळखपत्रासकट.

त्यानंतर सोसायटीत नाव लावणं. ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25 हजार घेता येतो, माझ्याकडून तेवढाच घेतला. कमिटीची मीटिंग पुढे पुढे जात राहिली त्यामुळे शेअर सर्टिफिकेटवर नाव चढायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात रंग, गीझर, पंखे, किचनचं थोडं काम यात 1 लाख 10 हजार गेले, कारण या भागात रिकाम्या भिंती दाखवून भाडेकरू येत नाही.

आता बेरीज करू. फ्लॅट 48 लाख, स्टॅम्प ड्युटी 2 लाख 88 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार, वकील 15 हजार, एजंट एक टक्का म्हणजे 48 हजार, सोसायटी 25 हजार, दुरुस्ती 1 लाख 10 हजार. एकूण 53 लाख 16 हजार. म्हणजे भाड्याचे टक्के काढायचे तर 48 वर नाही, 53 लाख 16 हजारांवर काढायचे. एजंट कधीच असं काढून दाखवत नाही.

1 सप्टेंबर 2023 ला पहिला भाडेकरू आला, खराडीच्या गेरा कॉमरझोनमध्ये नोकरीला असलेला मुलगा आणि त्याची बायको. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर केलेलंच हवं, महाराष्ट्राचा 1999 चा भाडे नियंत्रण कायदा तसं सांगतो, आणि ते करून द्यायची जबाबदारी मालकाची असते. नुसती नोटरी करून गप्प बसू नका. खर्च काही फार नाही, स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, तीही अकरा महिन्यांचं एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर. 17 हजार भाडं आणि 50 हजार डिपॉझिटला ती पाचशेच्या आतच येते. वर रजिस्ट्रेशन फी एक हजार, आणि घरी मशीन घेऊन येणाऱ्या एजंटची फी, सगळं मिळून तीन-सव्वातीन हजार, ते आम्ही निम्मं निम्मं वाटून घेतलं. पोलीस व्हेरिफिकेशन पण ऑनलाइन होतं, त्याची कॉपी सोसायटीत द्यायची.

तर हा भाडेकरू. चहा घेताना त्याने ऑफिसच्या बिल्डिंगबद्दल सांगितलं की त्यांची कंपनी पण तिथे भाड्यानेच आहे. माझ्या भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मावशी, तिथल्या काही इमारती माइंडस्पेस रीटच्या आहेत, तू त्यांचे युनिट घेतलेस तर त्या कंपनीने भरलेल्या भाड्यातला तुझा वाटा तुझ्या खात्यात येईल. तिथून मी वाचायला लागले.

रीट म्हणजे थोडक्यात असं की एक ट्रस्ट असतो, त्याच्याकडे तयार आणि भाड्याने गेलेल्या मोठ्या इमारती असतात, ऑफिस पार्क किंवा मॉल, आणि त्या ट्रस्टचे युनिट शेअरसारखे बाजारात विकत मिळतात. सेबीचे नियम 2014 चे, पहिला रीट म्हणजे एम्बसी, तो एप्रिल 2019 मध्ये लिस्ट झाला, मग 2020 ला माइंडस्पेस, 2021 ला ब्रुकफील्ड, 2023 ला नेक्सस, तो मॉलवाला, आणि ऑगस्ट 2025 मध्ये नॉलेज रिअल्टी. मला पटलेले नियम दोन. एक, किमान 80 टक्के मालमत्ता तयार आणि उत्पन्न देणारी हवी, म्हणजे अर्धवट बांधकामात पैसे अडकायची भीती कमी. दुसरा, वाटण्याजोगी जी रोकड निघते तिच्यातली किमान 90 टक्के युनिटवाल्यांना द्यावीच लागते. सुरुवातीला अर्ज करायलाच किमान दोन लाख लागायचे, 2021 च्या बदलानंतर बाजारात एक युनिट पण घेता येतं.

डीमॅट खातं नव्हतं ते ऑक्टोबर 2023 मध्ये उघडलं. हे खरं तर दोन दिवसांचं काम, पण माझ्या पॅनवर वडिलांचं नाव मधे आणि आधारवर नवऱ्याचं, त्यामुळे केवायसी रिजेक्ट होऊन परत आलं. आधी पॅन दुरुस्त केलं, त्याला जवळपास तीन आठवडे गेले. नॉमिनी तिथेच भरून टाका आणि बँक खातं जोडताना जे रोज वापरात आहे तेच द्या, कारण रीटचे पैसे ब्रोकरकडे नाही, थेट डीमॅटला जोडलेल्या खात्यात येतात.

दिवाळीनंतर, नोव्हेंबर 2023 मध्ये खरेदी केली. ॲपमध्ये EMBASSY, MINDSPACE, BIRET, NXST अशी नावं टाकली की सापडतात, काही ॲपमध्ये पुढे RR असं दिसतं, ती रीटची सिरीज. यांची उलाढाल मोठ्या शेअर्सइतकी नसते म्हणून मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर न टाकता आपला भाव ठरवून लिमिट ऑर्डर टाकायची आणि एकदम सगळं न घेता थोडं थोडं घ्यायचं. मी दोन रीट निवडले. कुठले ते सांगत नाही, कारण मग लोक फक्त नाव उचलतात आणि बाकीचं वाचत नाहीत. पहिल्याचे 1500 युनिट सरासरी 320 ला, म्हणजे 4 लाख 80 हजार, आणि दुसऱ्यात 5 लाख. या 9 लाख 80 हजारांवर ब्रोकरेज वगैरे धरून जेवढा खर्च आला तेवढ्यात फ्लॅटच्या वकिलाची फी पण निघाली नसती.

पुढचे काही महिने दोन्ही छान चाललं. मग 2024 चा जुलै आला.

भाडेकरूची बंगळुरूला बदली झाली, अकरा महिने पूर्ण करून 31 जुलैला त्याने फ्लॅट सोडला. माणूस चांगला होता, सगळं स्वच्छ करून गेला. पण ऑगस्ट सगळा लोक नुसते बघून जाण्यात गेला, मग गणपती आले, त्याच्या मागोमाग पितृपक्ष, आणि पितृपक्षात नवीन घरात राहायला जायला बरेच जण तयारच नसतात. एक कुटुंब ठरलं होतं त्यांनी पण घटस्थापनेलाच येऊ म्हणून सांगितलं. 3 ऑक्टोबरला ते आले, भाडं 17,500. दोन महिने फ्लॅट रिकामा, आणि त्या दोन महिन्यांत मेंटेनन्स मात्र माझ्या खिशातून चालूच. शिवाय नवीन भाडेकरू आणून देणाऱ्या एजंटला एक महिन्याचं भाडं, आणि बाथरूममधली गळती खालच्या फ्लॅटपर्यंत गेलेली म्हणून प्लंबर आणि रंगारी.

2024-25 या आर्थिक वर्षाचा माझ्या वहीतला हिशोब असा. भाडं आलं चार महिने 17 हजारांनी 68 हजार आणि सहा महिने साडेसतरा हजारांनी 1 लाख 5 हजार, मिळून 1 लाख 73 हजार. गेलं ते सोसायटी मेंटेनन्स 25,200, घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी लावते ते नॉन ऑक्युपन्सी चार्जेस दीड हजार (हे सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, तुमची सोसायटी जास्त लावत असेल तर विचारा), प्रॉपर्टी टॅक्स 11,200, एजंट 17,500, प्लंबर-रंग 14 हजार, ॲग्रीमेंटचा माझा वाटा 1,600. एकूण 71 हजार. उरले 1 लाख 2 हजार. 53 लाख 16 हजारांवर हे दोन टक्के पण होत नाहीत.

प्रॉपर्टी टॅक्सचं जरा सांगते, कारण पुण्यात फ्लॅट बघताना मालक त्यांचं बिल दाखवतात आणि आपण तोच आकडा धरून बसतो. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत देते, भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही. आधीचे मालक स्वतः राहायचे, त्यांचं बिल कमी होतं, माझं तेवढं येणार नाही हे मी आधीच धरलं होतं.

आता इन्कम टॅक्समध्ये हे कसं बसतं ते बघा. 1 लाख 73 हजार भाड्यातून भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा केला की राहतात 1,61,800, त्यातून सरसकट 30 टक्के म्हणजे 48,540 वजा, टॅक्सेबल उत्पन्न 1,13,260. मेंटेनन्स, एजंट, प्लंबर यातलं काही वेगळं वजा होत नाही, ते सगळं त्या 30 टक्क्यांत धरलेलं आहे. म्हणजे माझ्या हातात उरले 1 लाख 2 हजार आणि उत्पन्न दाखवायचं 1 लाख 13 हजार. चांगल्या वर्षात हे उलटं होतं, तेव्हा 30 टक्के आपल्याला जास्त पडतात. पूर्ण बारा महिने साडेसतरा हजारांनी घर भरलेलं असेल आणि किरकोळ दुरुस्ती पाच हजारांत भागली तर माझे 2 लाख 10 हजारांतून 44,500 जाऊन 1 लाख 65 हजार उरतात, म्हणजे तीन टक्क्यांच्या थोडं वर. सव्वाचारपासून सुरुवात केली होती, खरा आकडा दोन ते तीनच्या मधे. ज्यांना होमलोन काढून भाड्यावर हप्ता फेडायचाय त्यांनी लोनचा व्याजदर आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहून बघा.

आणि रीट? त्याच वर्षात पहिल्या रीटने दर तिमाहीला मिळून युनिटमागे 22 रुपये दिले, म्हणजे 33 हजार. दुसऱ्याने 31 हजारांच्या आसपास. एकूण 64 हजार, 9 लाख 80 हजारांवर साडेसहा टक्के. ना एजंट, ना प्लंबर, ना पितृपक्ष. रेकॉर्ड डेटला युनिट आपल्या डीमॅटमध्ये असले की थोड्या दिवसांत पैसे खात्यात येतात.

पण इथेच थांबायचं नाही, कारण साडेसहाचा आकडा पण एजंटच्या सव्वाचारसारखाच उघडून बघावा लागतो. प्रत्येक वाटपानंतर एक ईमेल येतो, त्यात त्या पैशांची फोड असते. बहुतेक लोक तो उघडत पण नाहीत. माझ्या पहिल्या रीटच्या 22 रुपयांत 10 रुपये डिव्हिडंड होता, 4 रुपये व्याज आणि 8 रुपये कर्जाची परतफेड.

कर्जाची परतफेड कसली, आपण कुठे कोणाला कर्ज दिलं? तर रीटच्या खाली प्रत्येक इमारतीची वेगळी कंपनी असते, तिला एसपीव्ही म्हणतात. रीट आपल्याकडून घेतलेले पैसे त्या कंपनीला काही भांडवल म्हणून आणि काही कर्ज म्हणून देतो. कंपनीला भाडं येतं, त्यातून ती रीटला व्याज देते, मुद्दल फेडते आणि उरलं तर डिव्हिडंड देते. आपल्याकडे तेच तीन नळ पुढे येतात. पैसा मुळात भाड्याचाच, पण टॅक्सच्या दृष्टीने तिन्ही वेगळे.

व्याजावर स्लॅबप्रमाणे टॅक्स, आणि देतानाच दहा टक्के टीडीएस कापतात. माझं व्याज 6 हजार, कापले 600. माझं एकूण उत्पन्न सूट मिळण्याइतकंच असल्यामुळे ते रिफंडमध्ये परत आले. डिव्हिडंड खालच्या कंपनीने कमी दराची नवी टॅक्स पद्धत घेतली नसेल तर आपल्याला माफ, घेतली असेल तर टॅक्सेबल, त्या ईमेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि परतफेडीच्या 8 रुपयांवर आत्ता काही टॅक्स नाही, पण ती आपल्या खरेदी किमतीतून वजा होते. हा नियम 2023 च्या बजेटपासूनचा. म्हणजे माझं 320 चं युनिट हिशोबात 312 चं झालं. विकताना नफा 8 रुपयांनी जास्त दिसणार. टॅक्स माफ झालेला नाही, पुढे ढकलला गेलाय.

काहीजण म्हणतात की हे 8 रुपये म्हणजे आपलेच पैसे आपल्याला परत, उत्पन्न धरायचंच नाही. तसं धरलं तर पहिल्या रीटचं खरं उत्पन्न 14 रुपये, म्हणजे 4.4 टक्के. मला हे अर्धंच पटतं. रोकड आली ती भाड्यातूनच आली, इमारत विकून नाही. पण ती कायमची तशीच येत राहील का हे बघायला मी एक गोष्ट करते. रीटला ठराविक काळाने बाहेरच्या व्हॅल्युअरकडून मालमत्तेची किंमत काढून युनिटमागे एनएव्ही जाहीर करावा लागतो, तो मी वहीत लिहून ठेवते. वाटप चालू असताना एनएव्ही टिकून किंवा वाढत असेल तर मूळ पोखरलं जात नाही. वाटप तेवढंच आणि एनएव्ही वर्षामागून वर्ष उतरत असेल तर मात्र ते उत्पन्न नव्हे, तो आपला काढून दिलेला पैसा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे किती जागा भाड्याने गेलीय. रिझल्टच्या प्रेझेंटेशनमध्ये ऑक्युपन्सी असते, पण सगळ्या पार्कांची मिळून न बघता पार्कनिहाय बघा. सेझमधल्या ऑफिसांना पूर्वी टॅक्स सवलत होती, मार्च 2020 नंतर सुरू होणाऱ्या नव्या ऑफिसांना ती बंद झाली, त्यात कोविड आला, आणि सेझच्या जागा भरेनात. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने एकेक मजला सेझमधून बाहेर काढायची परवानगी दिली तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला. हे मी घेताना चालूच होतं. माझ्या वन बीएचकेला पितृपक्ष होता तसाच हा त्यांचा, फरक इतकाच की माझा फ्लॅट रिकामा झाला की उत्पन्न शून्य आणि तिथे एक मजला रिकामा झाला तर वाटप थोडंसं कमी होतं.

आणि भाव रोज हलतो, हे मनाची तयारी करूनच घ्या. मी घेतल्यावर एका रीटचा भाव काही आठवडे माझ्या खरेदीच्या खालीच होता. बहिणीने विचारलं, पैसे बुडाले का गं. बुडाले नव्हते, पण रोज ॲप उघडून बघितलं की तसंच वाटतं. फ्लॅटची किंमत रोज कोणी सांगत नाही म्हणून ती स्थिर वाटते. मी ॲप तिमाहीला एकदाच उघडायचं ठरवलं आणि झोप सुधारली.

एप्रिल 2025 मध्ये डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, दोन्ही डोळे, चांगल्या लेन्स, सव्वालाखाच्या आसपास लागणार होते. फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. मे महिन्यात पहिल्या रीटचे 320 युनिट 384 ला विकले, 1 लाख 22 हजार 880 आले, दुसऱ्या दिवशी सेटलमेंट होऊन पैसे काढता आले. तोपर्यंत युनिटमागे एकूण 12 रुपये परतफेड आलेली, म्हणून खरेदी किंमत 308 धरली, नफा 76 रुपये युनिटमागे, एकूण 24,320. जुलै 2024 पासून रीटचे युनिट बारा महिन्यांवर ठेवले की लाँग टर्म होतात (आधी छत्तीस महिने लागायचे), 12.5 टक्के टॅक्स, पण शेअर वगैरे सगळं मिळून वर्षाचा असा नफा सव्वालाखाच्या आत असेल तर टॅक्स नाही. त्यामुळे मला काही भरावं लागत नाही.

त्याच सुमाराला सहज म्हणून एजंटला फ्लॅटचा भाव विचारला, 54 लाख म्हणाला. माझे घातलेले 53 लाख 16 हजार, एजंटची एक टक्का फी काढली की जेमतेम सुटका. दोन वर्षांत फ्लॅट विकायला काढणं म्हणजे स्टॅम्प ड्युटीचे पैसे सोडून देणं, फ्लॅट दहा-पंधरा वर्षं ठेवायचा असेल तरच घ्यावा असं माझं मत झालंय. मी तो ठेवणारच आहे. पुढेमागे मुलाला पुण्यात परत यावंसं वाटलं तर तिथे राहता येईल, आणि युनिटमध्ये काही राहायला जाता येत नाही. भाडं दर नव्या ॲग्रीमेंटला थोडं वाढवून मिळतं ते पण आहेच. पण महिन्याच्या खर्चासाठी आता जे काही नवीन पैसे येतील, एफडी मोडेल, ते रीटमध्ये जाणार, दुसरा फ्लॅट नाही.

रिटर्न भरायचं तेवढं सांगते, कारण यात लोक अडकतात. रीट घेतल्यावर आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो, त्यात शेड्यूल पीटीआय म्हणून भाग आहे तिथे रीटचं नाव, पॅन आणि व्याज-डिव्हिडंड वेगवेगळं भरायचं. आकडे फॉर्म 64B मधून घ्यायचे. तो रीटकडून 30 जूनपर्यंत येतो, ईमेलवर सापडला नाही तर रीटच्या रजिस्ट्रारच्या वेबसाइटवर पॅन टाकून मिळतो. तोवर थांबा, त्याआधी रिटर्न भरायची घाई करू नका, आणि परतफेडीचा आकडा वेगळ्या पानावर तारखेसकट लिहून ठेवा, कारण विकायच्या वेळी ब्रोकरचं स्टेटमेंट 320 च दाखवतं, 308 नाही.

आता बहीण पण विचारतेय. तिच्याकडे 25 लाख आहेत, तेवढ्यात पुण्यात कर्ज न काढता भाड्याने देण्यासारखं घर मिळत नाही, त्यामुळे तिच्यापुरता प्रश्न लवकर सुटला. सगळे एकदम न घालता वर्षभरात तीन-चार वेळा विभागून घालायचं ठरलंय, आणि त्यातले दहा लाख एफडीतच राहणार. गेल्या आठवड्यात डीमॅटचा फॉर्म भरला. तिच्या पॅनवर माहेरचं आडनाव आहे, आधारवर सासरचं, म्हणून आधी पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज टाकलाय.